जर-तरच्या खालच्या दोन ओळी

गणिती_पामर

मी कम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला डिस्क्रीट मॅथ्स शिकवतो. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तिघांच्या सत्यसारण्या एका तासात उरकतात, कोणाची काही तक्रार नसते. गाडी अडते ती p → q पाशी. दोन्ही खरी असतील तर खरं, p खरं असून q खोटं निघालं तर खोटं, इथवर सगळे माना डोलावतात. मग येतात त्या दोन ओळी जिथे p मुळातच खोटं आहे. तिथे मी 'खरं, खरं' लिहिलं की वर्गात कुजबुज सुरू.

यंदा उत्तर सांगायच्या आधी वरच्या दोन ओळी भरून दिल्या आणि खालच्या दोन मुलांना कागदावर भरायला सांगितल्या, नाव न लिहिता.

```
p  q  p → q
T  T    T
T  F    F
F  T    ?
F  F    ?
```

कागद गोळा केले तर सगळ्या तऱ्हा सापडल्या. काहींनी T, T. बऱ्याच जणांनी F, T. काहींनी दोन्हीकडे F. आणि एक चांगला जाड गठ्ठा असा की खाली नुसत्या आडव्या रेघा, एकाने तर शेजारी 'लागू नाही' असं लिहूनही दिलंय.

'व्याख्याच तशी आहे' एवढं सांगून पुढे जाणं मला जमत नाही. इथे शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही आहेत, म्हणून विचारतो: या दोन ओळी तुम्ही कशा गळी उतरवता?

---

चक्रमादित्य

सोपं आहे हो. मुलं कम्प्युटरची आहेत ना? मग प्रोग्रॅममधला `if` दाखवा. अट खोटी असेल तर आतला कोड चालतच नाही, काही बिघडत नाही, प्रोग्रॅम पुढे जातो. म्हणजेच 'खरं'. मी असंच शिकलो आणि मला कधी अडचण आली नाही. गणितवाले उगाच बाऊ करतात.

---

नानबा

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात p → q चं गेट कधी विचारत नाहीत, त्यामुळे टेन्शन घेऊ नका. चार ओळींचा कार्नो मॅप काढा, ¬p ∨ q मिळतं, ते दोन नँड गेटमध्ये बसतं: q चे दोन्ही पाय एकत्र जोडून त्याचा उलटा करा आणि तो p बरोबर दुसऱ्या नँडला द्या. झालं सर्किट.

---

गणिती_पामर

@नानबा, सर्किट बरोबर आहे, पण माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मॅपमध्ये खालच्या ओळींत १ का भरायचा, हेच मुलांना पटत नाहीये. एकदा भरला की पुढचं त्यांना येतं.

@चक्रमादित्य, `if` मी गेल्या वर्षी दाखवून पाहिला. एका मुलीने विचारलं, "सर, कोड चालला नाही तर खरं का? तो चाललाच नाही." तिचं म्हणणं खोडता येईना.

---

विदुला

ती मुलगी बरोबर बोलली. `if` ही आज्ञा आहे, विधान नाही. आज्ञेला खरं-खोटं नसतं, ती पाळली जाते किंवा वगळली जाते. चक्रमादित्य यांचा धागा मात्र टाकून देण्यासारखा नाही. त्याला फक्त एक शब्द जोडा:

```python
if p:
    assert q
```

आता विचारा, या दोन ओळी प्रोग्रॅम कधी पाडतात? p खरं आणि q खोटं असेल तेव्हाच. उरलेल्या तिन्ही वेळा तपासणी बिनबोभाट पार पडते. p → q ची सारणी म्हणजे या तपासणीचा निकाल: पडली की F, नाही पडली की T. 'खरं' याचा अर्थ इथे 'सिद्ध झालं' असा घेतला की मुलं अडकतात. 'नियम मोडला नाही' असा घेतला की अडकत नाहीत.

आता त्या रेघा. रेघ मारणाऱ्यांना हसू नका. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्येच मांडलं होतं की माणसं p खोटं असलेल्या परिस्थितीला खरं-खोटं काहीच न म्हणता 'गैरलागू' मानतात. तुमचा गठ्ठा म्हणजे सर्वसामान्य माणसाची सहज प्रतिक्रिया आहे.

मग रेघ का चालत नाही? कारण गणितात आपल्याला एकच जर-तर नको असतो, तो सगळ्या संख्यांवर एकदम फिरवायचा असतो. 'n ला 4 ने भाग जात असेल तर n सम असतो.' हे सगळ्या n साठी खरं आहे, याबद्दल वर्गात एकही हात वर येणार नाही. आता त्यात एकेक n घालून बघा. 8 घातला तर दोन्ही खरी, पहिली ओळ. 6 घातला तर p खोटं, q खरं, म्हणजे तिसरी ओळ. 7 घातला तर दोन्ही खोटी, चौथी ओळ. 'सगळ्या n साठी खरं' हे वाक्य टिकवायचं असेल तर 6 आणि 7 च्या ओळींतही T च लागतो. तिथे F घातलात तर 6 या बिचाऱ्या आकड्यामुळे एक निर्विवाद नियम खोटा ठरतो. दुसरी ओळ इथे कधीच येत नाही, आणि ती येत नाही म्हणूनच नियम खरा आहे.

```python
for n in range(1, 101):
    if n % 4 == 0:
        assert n % 2 == 0
```

हे चालवा, काही होणार नाही. मग दोन्ही अटींची अदलाबदल करा. n = 2 लाच प्रोग्रॅम कोसळेल. उलटं विधान वेगळं असतं हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

---

चक्रमादित्य

म्हणजे मी म्हटलं तेच की! `assert` माझ्या डोक्यात गृहीतच होतं.

---

कोपरा

यात माझाही अनुभव घालतो, शिकवण्याचा नाही, कामाचा. ऑर्डरच्या टेबलवर नियम हवा होता: स्थिती 'पाठवली' असेल तर पाठवल्याची तारीख भरलेली असलीच पाहिजे. डेटाबेसमध्ये जर-तर लिहिता येत नाही म्हणून ¬p ∨ q असं लिहिलं:

```sql
CHECK (status <> 'shipped' OR ship_date IS NOT NULL)
```

कागदावर चोख. काही महिन्यांनी बघतो तर तारीख नसलेल्या भलत्याच ओळी आत शिरलेल्या. त्या ओळींत `status` स्वतःच NULL होता! NULL ची कशाशीही तुलना केली की उत्तर खरंही येत नाही, खोटंही नाही, 'अज्ञात' येतं. अज्ञात किंवा खोटं म्हणजे पुन्हा अज्ञात. आणि CHECK फक्त उत्तर खोटं आलं तरच अडवतो, अज्ञाताला सोडून देतो. उपाय अगदी साधा, `status` वर NOT NULL लावायचं. शोधायला मात्र वेळ गेला.

तर पामरजी, तुमच्या त्या 'लागू नाही' लिहिणाऱ्या पोरांना सांगा, तिसरं मूल्य घेतलं की चारऐवजी नऊ ओळींची सारणी पाठ करावी लागते.

---

विदुला

फार चांगलं उदाहरण. आणि गंमत बघा, तोच 'अज्ञात' WHERE मध्ये आला तर ओळ गाळली जाते. एकाच मूल्याला एक जण आत घेतो, दुसरा बाहेर काढतो. दोनच मूल्यांवर भागवण्याचा फायदा यातून कळतो.

---

गणिती_पामर

`assert` आणि 4 चा नियम दोन्ही उद्याच वापरतो. पण 'F, T' लिहिणारा गट सगळ्यात मोठा आहे. त्यांचं म्हणणं असं: "चाचणी पास झाली तर कोड मर्ज होईल, असं कोणी म्हणालं की नापास झाली तर होणार नाही हेही त्यात आलंच." त्यांना चूक म्हणायलाही जड जातं. रोजच्या बोलण्यात ते खरंच तसं असतं.

---

विदुला

कागद टाकून दिले नसतील तर त्यांच्याकडे परत बघा, कारण त्यात उत्तर दडलंय. वरच्या दोन ओळी पक्क्या आहेत. खालच्या दोन ओळी भरायच्या चारच रीती आहेत, आणि प्रत्येक रीत म्हणजे एक वेगळी क्रिया.

दोन्हीकडे F भरला की सारणी होते T, F, F, F. हा तर 'आणि'. त्या मुलाने जर-तर वाचलंच नाही, दोन्ही गोष्टी घडल्या का एवढंच पाहिलं.

F, T भरला की T, F, F, T. दोन्ही बाजू सारख्या असतील तरच खरं, म्हणजे p ↔ q. तुमचा मर्जवाला गट. त्याने नियम दोन्ही दिशांनी वाचला.

T, F भरला की T, F, T, F. q च्या रकान्याची हुबेहूब नक्कल. p कडे बघितलंच नाही.

उरली एकच रीत, T, T. ती आधीच्या कोणाचीच नक्कल नाही. पहिल्या तिघांसाठी आपल्याकडे चिन्हं आहेत, दुसरं नाव कशाला हवं? एकदिश नियमासाठी हीच जागा रिकामी आहे.

हे वर्गात करताना कागद वाचून दाखवू नका, चारही सारण्या फळ्यावर मांडा आणि 'ही कुणाची?' असं विचारा. मुलं स्वतःच ओळखतात की आपण कुठल्या क्रियेची सारणी लिहून बसलोय. मर्जवाल्या गटाला सांगायचं की तुम्ही ऐकलेलं चूक नाही, ते ↔ आहे. बोलणारा बऱ्याचदा ↔ म्हणायचं असताना अर्धंच बोलतो आणि ऐकणारा उरलेलं भरून घेतो. कम्पायलर भरून घेत नाही.

---

अनघड

बराच वेळ वाचतोय, एक शंका. ही चार रीतींची चाळणी छान आहे, पण ती आधीच धरून चालते की जर-तरचं खरेपण फक्त p आणि q च्या खरेखोटेपणावर ठरतं. मला तेच मान्य नसेल तर? '2 + 2 = 5 असेल तर चंद्र चौकोनी आहे' हे तुमच्या सारणीत खरं येतं. यात p चा q शी काडीचा संबंध नाही. माझ्या मते 'तर' म्हटलं की काहीतरी संबंध हवा.

---

विदुला

बरोबर पकडलंत. ती चाळणी सारणी हवी असं ठरवल्यानंतरची आहे. सारणीच का, याचं उत्तर ती देत नाही. संबंध मागणारी तर्कपद्धतीही आहे, पण तिथे दोन रकाने बघून निकाल लागत नाही, सारणीच बनत नाही. हा वाद जुनाही आहे: फायलो नावाच्या ग्रीक तर्कज्ञाने हीच खालच्या दोन ओळींत खरं मानणारी व्याख्या दिली होती आणि त्याचाच गुरू डायोडोरस तिला मान्य करत नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एवढंच सांगते की चंद्राचं वाक्य खोटं ठरवणारा दाखला तुम्ही आणू शकत नाही, म्हणून T. ते समाधानकारक वाटत नसेल तर तसंच राहू द्या.

---

अनघड

राहू देतो, पण पटलं असं लिहू नका.

---

मुक्ता_क

मी विद्यार्थिनी आहे (पामर सरांची नाही!). आमच्या परीक्षेत 'जर p तर q' चा नकार लिहा असा प्रश्न होता. मी 'जर p तर q नाही' असं लिहिलं आणि शून्य मिळालं. मैत्रिणीने 'जर p नाही तर q नाही' लिहिलं, तिलाही शून्य. का ते कोणी सांगितलं नाही.

---

गणिती_पामर

मुक्ता, हे सारणीवरूनच तपासता येतं. p → q च्या रकान्यात T तीनदा आणि F एकदा येतो. नकारात प्रत्येक मूल्य उलटतं, म्हणजे T एकदाच यायला हवा, तोही दुसऱ्या ओळीत. तू लिहिलेल्या p → ¬q ची सारणी भर: F, T, T, T. तीन T! म्हणजे तो नकार असूच शकत नाही. मैत्रिणीच्या ¬p → ¬q चंही तेच: T, T, F, T. जर-तरच्या कुठल्याही सारणीत तीन T येतात, म्हणून जर-तरचा नकार पुन्हा साधा जर-तर होऊन येतच नाही.

एकाच ओळीत T येणारं काय असतं? 'आणि'. दुसरी ओळ म्हणजे p खरं आणि q खोटं, म्हणून नकार p ∧ ¬q. वर विदुला यांचा `assert` आहे ना, तो पडला की हातात जे राहतं ते हेच: p खरं असून q खोटं असलेला एक दाखला.

---

मुक्ता_क

ओह. म्हणजे 'फाइल खाजगी असेल तर बघणाऱ्याने लॉगइन केलेलं असतं' याचा नकार 'फाइल खाजगी आहे आणि बघणाऱ्याने लॉगइन केलेलं नाही'. सुरक्षेतलं भोक!

---

विदुला

मुक्ताचं उदाहरण वर्गात न्या, पामरजी. वेसनच्या प्रसिद्ध कोड्याचा तो सख्खा भाऊ आहे. त्याच्या कोड्यात चार पत्ते असतात, एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात E, K, 4 आणि 7. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो. नियम तपासायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत? बहुतेक लोक E आणि 4 सांगतात. 4 उलटून काही हाती लागत नाही, मागे K निघाला तरी नियम शाबूत. उलटायचे ते E आणि 7, कारण दुसरी ओळ याच दोन पत्त्यांत लपू शकते.

आता मुक्ताची फाइल घ्या. चार नोंदी आहेत, प्रत्येकीची अर्धीच माहिती दिसते: खाजगी फाइल, सार्वजनिक फाइल, लॉगइन केलेला माणूस, लॉगइन न केलेला माणूस. कोणत्या उघडून बघाल? इथे मुलं पटकन पहिली आणि शेवटची सांगतात. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी 1982 मध्ये दारू पिण्याच्या वयाची अट घेऊन हेच केलं होतं आणि पत्त्यांवर चुकणारी माणसं तिथे मोठ्या संख्येने बरोबर आली.

---

चक्रमादित्य

मग पत्त्यांचं कोडं सोडाच, सगळं लॉगइनच्या भाषेत शिकवा. प्रश्न मिटला.

---

गणिती_पामर

मिटत नाही. फायलींचं कोडं सोडवणारा मुलगा दहा मिनिटांनी पत्त्यांवर पुन्हा 4 उलटतो, हे मी पाहिलंय. फायलीत त्याला चोर पकडायचा असतो, पत्त्यांत चोर कोण हे त्याला दिसत नाही. म्हणून मला वाटतं दोन्ही लागोपाठ द्यावेत आणि प्रत्येक पत्त्याखाली 'यामुळे `assert` पडू शकतो का?' हे लिहून घ्यावं.

---

विदुला

मी उलट क्रम घेते, आधी पत्ते, सगळे चुकू देते, मग फायली. चुकल्याशिवाय सारणीची गरज वाटत नाही. यावर आपलं एकमत होईल असं नाही.

एक मात्र दोन्ही क्रमांत चालतं. 'जर-तर एकाच ओळीत पडतो' हे अंगवळणी पडलं की मोठ्या सारण्या भरायची गरजच कमी होते. ((p → q) ∧ (q → r)) → (p → r) नेहमी खरं आहे का, असं विचारलं की मुलं आठ ओळींची सारणी मांडतात, रकाने आठ होतात, आणि पाचव्या रकान्यात कुठेतरी T चा F होतो. त्याऐवजी पाडायचा प्रयत्न करा. शेवटचा बाण पडायचा तर त्याची उजवी बाजू खोटी हवी, म्हणजे p खरं आणि r खोटं. डावी बाजू खरी हवी, म्हणजे p → q खरं, आणि p खरं असल्याने q खरंच हवं. पण मग q → r मध्ये q खरं, r खोटं, म्हणजे तो बाण पडला आणि डावी बाजू खोटी झाली. पाडता येत नाही, म्हणून नेहमी खरं. एकही ओळ न मांडता.

याला मर्यादा आहे. वाट फुटली की दोन्ही फाटे बघावे लागतात, आणि विधानं वाढली की फाटेही वाढतात. पण 20 विधानांच्या सारणीला 10,48,576 ओळी लागतात, त्या भरण्यापेक्षा फाटे परवडतात.

---

कोपरा

पायथनमध्ये `p <= q` लिहिलं तर ते हुबेहूब p → q होतं, कारण खोटं म्हणजे 0 आणि खरं म्हणजे 1. 0 <= 0, 0 <= 1, 1 <= 1 तिन्ही खरी, 1 <= 0 तेवढं खोटं. मुलांना आवडेल.

---

विदुला

आवडेल, आणि मग ते कंस न घालता `n % 4 == 0 <= n % 2 == 0` असं लिहितील. पायथन त्याची साखळी करून वाचतो: n % 4 शून्य आहे, आणि शून्य n % 2 पेक्षा मोठं नाही, आणि n % 2 शून्य आहे. n = 7 ला उत्तर False येतं, आणि पोरं तुमच्याकडे येऊन म्हणतील की चौथ्या ओळीत F असतो, आम्ही चालवून बघितलं. कंसांशिवाय दाखवू नका:

```python
(n % 4 == 0) <= (n % 2 == 0)
```

---

गणिती_पामर

आज वर्गात चार सारण्या मांडल्या. ↔ वाला गट सगळ्यात आधी ओळखू आला, q ची नक्कल करणाऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत हात वर केला नाही. `assert` दाखवल्यावर रेघवाल्यांपैकी बरेच T कडे वळले. एकाने विचारलं, यादीच रिकामी असेल तर? लगेच चालवून दाखवलं:

```python
all(n % 2 == 0 for n in [])
```

उत्तर True. तो म्हणाला, "मग `n % 2 == 1` पण?" तेही True. दोन्ही एकदम खरी कशी, यावर तास संपला. ते 'सर्व' आणि 'काही' शिकवताना घ्यायचं की आत्ताच, यावर कोणाचा अनुभव असेल तर लिहा. पुढचा तास परवा आहे.

---

मुक्ता_क

आत्ताच घ्या सर. आम्हाला ते 'सर्व'च्या धड्यात आलं तोवर खालच्या दोन ओळी विसरून झालं होतं.

---

अनघड

परवापर्यंत तो मुलगा चंद्रावर पोचलेला असेल. घ्या आत्ताच.